चाक केवढं आणि फेऱ्या किती?

१९२८ साल सरता सरता बर्लिनमध्ये अंतराळप्रवासावरचं एक जर्मन पुस्तक बाहेर पडलं. लेखकाचं नाव छापलं होतं हर्मान नूर्डुंग. हे टोपणनाव होतं. खरं नाव हर्मन पोटोच्निक. स्लोव्हेनियन घरातला हा माणूस शिक्षणानं अभियंता होता आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात कॅप्टन होता. क्षयानं पोखरल्यामुळे त्याला निवृत्ती घ्यावी लागली होती. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. माणसानं बनवलेली एकही वस्तू तोवर अंतराळात पोचली नव्हती, तरी पोटोच्निकनं तिथं राहण्यासाठी घर आखून ठेवलं होतं. खोल्या, जिने, उद्वाहन, हवा आत राखणारे दरवाजे, सगळं त्याच्या चित्रांत आहे. घराचा आकार चाकाचा, व्यास ३० मीटर आणि गती आठ सेकंदांत एक फेरी.

आठच सेकंद का, हे कळण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथं पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. तरीही अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि माणूस दोघंही पृथ्वीभोवती एकाच वेगानं, एकसारखे पडत असतात. माणूस जमिनीवर टेकत नाही, म्हणून जमीन त्याला उलट रेटत नाही. रोजच्या आयुष्यात ज्याला आपण वजन म्हणून ओळखतो तो हा जमिनीचा रेटाच असतो. तळव्यांना, गुडघ्यांना, मणक्यांना जाणवतो तो तोच. म्हणजे अंतराळात वजन हवं असेल तर पृथ्वी आणायची गरज नाही. पायाला सतत रेटत राहील अशी जमीन मिळाली की पुरे.

जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये अशी जमीन दिसते. मोटरसायकलवाला उभ्या भिंतीवर आडवा होऊन फेऱ्या मारतो आणि पडत नाही. त्याच्या गाडीला सरळ रेषेत जायचं असतं, पण भिंत तिला क्षणोक्षणी आत, विहिरीच्या मध्याकडे वळवते. भिंतीचा हा आतला रेटा त्याला आसनावर दाबून धरतो. त्याच्या शरीराच्या दृष्टीनं भिंत हीच जमीन आणि विहिरीचा मध्य हे आभाळ. पोटोच्निकच्या चाकात गाडी थांबलेली आणि विहीरच फिरते आहे, एवढाच फरक. माणूस चाकाच्या कडेच्या आतल्या बाजूला उभा, पाय बाहेरच्या दिशेला, डोकं केंद्राकडे.

हा रेटा किती, ते दोन गोष्टींवर ठरतं: चाकाच्या कडेचा वेग केवढा आहे, आणि त्या वेगाची दिशा किती झपाट्यानं वळते आहे. त्रिज्या दुप्पट केली आणि फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर कडेचा वेग दुप्पट होतो, वळण्याची घाई मात्र पूर्वीइतकीच राहते. म्हणून वजन दुप्पट. फेऱ्या दुप्पट केल्या तर वेगही दुप्पट होतो आणि वळण्याची घाईही दुप्पट. म्हणून वजन चौपट. पुस्तकात हे a = ω²r असं लिहितात. हिशेबाला सोपं रूप असं: त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गानं तिला गुणायचं आणि ८९४ नं भागायचं. उत्तर येतं ते पृथ्वीवरच्या वजनाच्या पटीत.

आता पोटोच्निकचं चाक तपासता येतं. त्रिज्या १५ मीटर. आठ सेकंदांची फेरी म्हणजे मिनिटाला साडेसात फेऱ्या. साडेसातचा वर्ग ५६.२५, त्याला १५ नं गुणलं की सुमारे ८४४, आणि ८९४ नं भागलं की ०.९४. पृथ्वीवर ६० किलो भरणारा माणूस या चाकात उभा राहिला तर त्याच्या पायाखालचा काटा साडेछप्पन किलो दाखवेल. खोकत खोकत कागदावर गणित मांडणाऱ्या त्या कॅप्टनचा हिशेब चोख होता.

मग अशी चाकं आकाशात का फिरत नाहीत? ३० मीटर म्हणजे काही फार नव्हे. आजचं अंतराळ स्थानक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर भरतं. तेवढ्या सामानात पोटोच्निकचं चाक सहज बसलं असतं. अडचण वजन निर्माण करण्यात नाही. ती त्या चाकात एक दिवस काढायला गेलं की समोर येते.

उभं राहिल्याबरोबर पहिला फरक पडतो. पाय केंद्रापासून १५ मीटरवर, पण पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाचं डोकं सव्वातेरा मीटरवर. फेऱ्या दोघांच्या सारख्या, त्रिज्या वेगळी. त्यामुळे डोक्याजवळचं वजन पायाजवळच्यापेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी कमी. खालच्या फळीवरून उचललेला डबा वरच्या फळीवर पोचेपर्यंत हलका होत जातो. ही गोष्ट चमत्कारिक खरी, पण सवयीनं जमण्यासारखी.

चालायला लागलं की मामला बदलतो. या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ११.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४२ किलोमीटर आहे. माणूस ताशी पाच किलोमीटरनं चाक फिरतंय त्याच दिशेला चालू लागला तर त्याचा स्वतःचा वेग कडेच्या वेगात मिळतो. वजन वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे साडेछप्पन किलोचा तो माणूस एकदम ७१ किलोचा होतो. पाठ फिरवून उलट दिशेला चालू लागला की ४४ किलोचा. एकाच बोळातून जाताना खांद्यावर पोतं आणि येताना पायांत उसळी! धावायचं ठरवलं आणि सेकंदाला चार मीटरचा वेग गाठला तर एका दिशेला शंभर किलोच्या वर आणि दुसऱ्या दिशेला जेमतेम पंचवीस. कुणी सायकल घेऊन उलट दिशेनं ताशी ४२ किलोमीटरनं गेलाच, तर चाकाच्या सगळ्या फिरण्यावर बोळा फिरेल. तो प्रत्यक्षात जागच्या जागी राहील, त्याच्याखालून चाक निघून जाईल आणि सायकलीसकट तो तरंगू लागेल.

याची दुसरी बाजू माणसानं खरोखर अनुभवली आहे. १९७३ साली अमेरिकेचं स्कायलॅब स्थानक आकाशात होतं आणि त्याच्या मोठ्या दालनाचा व्यास पावणेसात मीटरच्या आसपास होता. स्थानक फिरत नव्हतं, पण भिंतीला लागून असलेल्या कपाटांच्या गोल कड्यावर अंतराळवीर धावू लागले. चाक थांबलेलं आणि माणूस फिरता. तीन मीटर त्रिज्येवर सेकंदाला तीन मीटरनं धावलं की पायाखाली पृथ्वीच्या तीन दशांश वजन येतं, आणि ते धावणाऱ्याला पुढच्या पावलासाठी भिंतीला टेकवून ठेवायला पुरतं. थांबला की वजन संपलं.

पुन्हा पोटोच्निकच्या चाकात जाऊन हातातला चेंडू सोडून बघावा. कमरेच्या थोडं वर, जमिनीपासून १.२ मीटरवरून. हातात असताना चेंडूला कडेपेक्षा थोडा कमी वेग असतो, कारण तो केंद्राच्या जवळ आहे. सुटला की त्याच्यावर कसलंच बल नाही, तो आपल्या कमी वेगानं सरळ रेषेत जातो आणि कडेला धडकतो. तोवर जमीन पुढे सरकलेली असते. चाकातल्या माणसाला मात्र चेंडू वाकड्या वाटेनं पडताना दिसतो आणि पायाशी पडण्याऐवजी फिरण्याच्या उलट दिशेला ३५ सेंटिमीटर मागे पडतो. चहा कपात ओततानाही धार अशीच वाकणार. या वाकण्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. तो फक्त चेंडूला लागू नाही. जिन्यानं केंद्राकडे चढणाऱ्या माणसाला बाजूच्या कठड्यावर रेटणारं बल तेच, आणि उठून उभं राहताना तोल घालवणारंही तेच. पोटोच्निकनं आपल्या चित्रात केंद्राकडे जाणारा जिना सरळ न काढता वळणदार काढला आहे.

हे सगळं त्रासदायक आहे, पण हात आणि पाय शिकतात. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जेम्स लॅकनर आणि पॉल डिझिओ यांनी मिनिटाला दहा फेऱ्या घेणाऱ्या खोलीत लोकांना बसवून समोरच्या खुणेकडे हात न्यायला सांगितलं. सुरुवातीला हात चुकीच्या जागी जात. काही मोजक्या प्रयत्नांनंतर तो नेमका पोचू लागला आणि बसलेल्यांना ते बल जाणवेनासंच झालं.

शिकायला सगळ्यात जड जातो तो कान.

आपल्या दोन्ही कानांच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या आणि द्रवानं भरलेल्या असतात. डोकं फिरलं की ज्या नळीच्या पातळीत ते फिरतं तिच्यातला द्रव मागे रेंगाळतो, आतल्या केसांसारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण फिरतो आहोत. फिरणं एकाच गतीनं चालू राहिलं की थोड्या वेळात द्रवही त्या गतीला येतो आणि जाणीव विरते. म्हणून फिरत्या स्थानकात स्वस्थ बसलेल्याला काहीच कळत नाही. पण त्यानं मान वाकवली की जी नळी फिरण्याच्या पातळीत होती ती तिथून निघते आणि दुसरी तिथं येते. एकीतला द्रव सांगतो की फिरणं थांबलं, दुसरीतला सांगतो की सुरू झालं. मेंदू दोन्ही निरोप जोडतो आणि त्यातून तिसऱ्याच दिशेला कोलमडल्याची खोटी जाणीव तयार होते. डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, कान म्हणतात आपण उलटेपालटे होतो आहोत. या भांडणातून मळमळ, घाम, उलटी.

इथं सगळ्या गणिताची गाठ आहे. ही खोटी जाणीव किती तीव्र, ते स्थानक किती वेगानं गिरकी घेतंय आणि मान किती वेगानं वळली यावर ठरतं. त्रिज्येचा त्यात संबंधच नाही. कानाला चाक केवढं ते कळत नाही, फक्त फेऱ्या कळतात. फेऱ्यांवर मर्यादा आली की वजनासाठी वाढवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्रिज्या.

मग किती फेऱ्या चालतात? फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथं अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत ॲश्टन ग्रेबिएल यांनी १९५८ पासून हे तपासायला घेतलं. त्यांनी सावकाश फिरणारी एक बंद खोलीच बांधली. तिच्यात माणसं दिवसचे दिवस राहत, जेवत, झोपत. मिनिटाला एक फेरी असताना जवळपास कुणालाच त्रास होत नसे. तीन फेऱ्यांना काहींना मळमळे, पण एकदोन दिवसांत बसून जाई. दहा फेऱ्यांना धडधाकट वैमानिकही आडवे होत. सवय झालेल्या माणसांना खोली थांबवल्यावर पुन्हा भोवळ येई, कारण आता त्यांच्या मेंदूला न फिरणारी जमीन अनोळखी झालेली असे.

दोष कानाचाच, याची खात्री पटवणारी माणसं वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातून आली. ते अकरा पुरुष होते. त्यातल्या दहा जणांचा अंतर्कर्ण लहानपणीच्या मेंदूज्वरानं निकामी झाला होता. ऐकणं गेलं होतं आणि त्याबरोबर तोल सांगणाऱ्या नळ्यांचं कामही. त्यांच्यापैकी चौघं मिनिटाला दहा फेऱ्या घेणाऱ्या वीस फुटी खोलीत सलग बारा दिवस राहिले आणि त्यांना काही झालं नाही. पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं, तेव्हा ते पत्ते खेळत बसले होते आणि त्यांची तपासणी करायला आलेले संशोधक मात्र आजारी पडले. अंतराळवैद्यकाचा इतिहास लिहिताना या अकरा जणांचा उल्लेख फार उशिरा होऊ लागला. त्यांनी दिलेलं उत्तर मात्र आजही प्रत्येक आराखड्याच्या मुळाशी आहे.

या आणि पुढच्या प्रयोगांवरून अभियंते ढोबळ मानानं असं धरतात: मिनिटाला दोन फेऱ्यांपर्यंत बहुतेकांना चालेल, चारपर्यंत सवयीनं जमेल, सहाच्या पुढे निवडक आणि तयार केलेली माणसंच टिकतील. ही मर्यादा दगडावरची रेघ नव्हे. कोलोरॅडो विद्यापीठात टोरिन क्लार्क यांच्या प्रयोगशाळेनं प्रत्येकाच्या सोसण्याइतकीच गती हळूहळू वाढवत नेली, तेव्हा लोक मिनिटाला सतराच्या आसपास फेऱ्या असतानाही मान वळवू शकले. शिवाय जमिनीवरच्या खोलीत पृथ्वीचं वजन उभं असतं आणि खोली त्याच्याभोवती फिरते. अंतराळात वजन आणि फिरण्याचा आस यांच्यात काटकोन असतो. तिथं कान थोडा निराळा वागेल, बरा किंवा वाईट.

तूर्त दोन फेऱ्या धरल्या तर सूत्र काय सांगतं? ८९४ ला चारनं भागायचं. पूर्ण वजनासाठी त्रिज्या २२४ मीटर, व्यास ४४८ मीटर, घेर चौदाशे मीटर. अशा चाकात डोकं आणि पाय यांच्यातला फरक एका टक्क्याच्या आत येतो. ६० किलोचा माणूस चालू लागला तर एका दिशेला साडेत्रेसष्ट, दुसऱ्या दिशेला साडेछप्पन. हातातून सुटलेला चेंडू आठ सेंटिमीटर मागे पडतो. म्हणजे राहता येईल असं घर झालं. पण त्यासाठी पोटोच्निकच्या चाकाच्या पंधरापट रुंद चाक लागतं, आणि आत्ताचं न फिरणारं स्थानक जोडायला १९९८ पासून २०११ पर्यंत चाळीसहून अधिक उड्डाणं लागली.

मोठ्या माणसांनी या कात्रीतून आपापली वाट काढली. वेर्नर फॉन ब्राऊन यांनी १९५२ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात चाकाचा आराखडा मांडला तेव्हा व्यास धरला ७६ मीटर आणि फेरी २२ सेकंदांची. सूत्रात घातलं तर वजन येतं पृथ्वीच्या ०.३२ पट. त्यांनी वजनच तृतीयांशावर आणलं आणि चाक आटोक्यात ठेवलं. १९७५ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड आणि नासा यांनी मिळून दहा हजार माणसांच्या वसाहतीचा अभ्यास केला. तिथं म्हातारे, मुलं, गरोदर बायका, सगळेच राहणार म्हणून त्यांनी मिनिटाला एकच फेरी ठरवली. एक फेरी म्हटली की ८९४ मीटर त्रिज्या आलीच. त्या वसाहतीचा व्यास जवळजवळ एक किलोमीटर आठशे मीटर निघाला.

तिसरी वाट जास्त हुशारीची आहे. चाकाचा सगळा घेर बांधायचाच कशाला? एक खोली हवी, समोर तिला तोलणारं काहीतरी जड हवं, आणि मध्ये दोरी. दोन्ही टोकं एकमेकांभोवती फिरू लागली की खोलीला मोठ्या चाकाची त्रिज्या मिळाली. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ यानानं हे करून पाहिलं. पीट कॉनरॅड आणि रिचर्ड गॉर्डन हे दोघं त्यात होते. गॉर्डन बाहेर पडून यानाच्या नाकाडावर घोड्यावर बसल्यासारखे मांडी घालून बसले आणि अजेना या निर्मनुष्य यानाची ३० मीटरची दोरी त्यांनी जेमिनीला बांधली. एवढ्या कामानं ते घामानं डबडबले, डोळ्यांत घाम जाऊन दिसेनासं झालं आणि त्यांना आत बोलवावं लागलं.

दोन्ही यानं लांब नेऊन फिरवायला घेतली तेव्हा दोरी ताठ होईना. ती कमानीसारखी बाक धरून घुमत राहिली. वजन नसलेल्या दोरीला ताण यायला फिरणं हवं, आणि नीट फिरायला ताण हवा, असा पेच. कॉनरॅड यांनी धीर धरून ती ताणली. साडेनऊ मिनिटांत एक फेरी साधली. मग गती वाढवली तशी दोरी पुन्हा सैल पडली, यानं हेलकावली आणि काही वेळानं आपोआप स्थिरावली. शेवटी साडेसहा मिनिटांत एक फेरी. आपल्या सूत्रानं ६० किलोच्या माणसाला या गतीला पंचवीस-तीस ग्रॅम वजन येतं. दोघांनाही काही जाणवलं नाही. पण समोरच्या फलकाशी सोडलेला कॅमेरा हळूहळू सरळ रेषेत मागच्या भिंतीकडे गेला. माणसं आत असताना फिरवून वजन निर्माण केल्याचा हा पहिला पुरावा, आणि मोठ्या यानाच्या बाबतीत आजवरचा सर्वात बोलका पुरावाही तोच आहे.

रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या मंगळमोहिमेत हीच दोरी आहे. मंगळाकडे ढकलून झाल्यावर रिकामं झालेलं अग्निबाणाचं नळकांडं फेकून न देता ते तोलाला वापरायचं. मंगळावर वजन पृथ्वीच्या ०.३८ पट असतं, वाटेतच तेवढ्याची सवय करायची. दोन फेऱ्यांना त्रिज्या हवी ८५ मीटर. समजा माणसांचं यान ३० टनांचं आणि नळकांडं १० टनांचं. हलकं टोक केंद्रापासून तितक्याच पटीनं लांब जातं, म्हणून नळकांडं २५५ मीटरवर. दोरी एकूण ३४० मीटरची. ३० टनांना ०.३८ नं गुणलं तर ताण सुमारे साडेअकरा टनांचा येतो, आणि चांगल्या दोराला तो जड नाही. गिरकी द्यायला यानाला लागणारा वेग ताशी ६४ किलोमीटरच, मंगळाच्या प्रवासात तो चिल्लर आहे. खरी काळजी वेगळी. मार्गात सुधारणा करायला इंजिन पेटवायचं तर फिरत्या, दोरीला बांधलेल्या यानाचं कसं पेटवायचं, सौर पंख आणि पृथ्वीकडे रोखलेला अँटेना एका जागी कसा धरायचा, आणि खडा लागून दोरी तुटलीच तर दोन्ही टोकं आपापल्या दिशेनं सरळ निघून जाणार त्याचं काय.

या सगळ्या हिशेबात एक आकडा मात्र नुसता धरून चालला आहे: शरीराला नेमकं किती वजन लागतं? स्थानकावर राहणाऱ्यांची कंबर आणि मांडीची हाडं दर महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. ती वाचवण्यासाठी ते रोज दोन तास व्यायाम करतात. पूर्ण वजन दिलं तर हे टळतं का, याचं उत्तर उंदीर देऊ शकले, कारण उंदराला चाक लहान पुरतं. १९७७ साली सोव्हिएत संघाच्या कॉसमॉस-९३६ उपग्रहात ३२ सेंटिमीटर त्रिज्येचं यंत्र मिनिटाला ५३.५ फेऱ्या घेत होतं. सूत्रात घालून पाहिलं की बरोबर एकाच्या जवळ उत्तर येतं. २०१६ मध्ये जपाननं आपल्या किबो प्रयोगशाळेत बारा उंदीर ३५ दिवस ठेवले. सहा तरंगते, सहा १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या फिरत्या घरात, मिनिटाला ७७ फेऱ्यांवर. तरंगणाऱ्यांची हाडं आणि पोटऱ्या झडल्या, फिरणाऱ्यांच्या शाबूत राहिल्या.

मग जपानी संशोधकांनी फेऱ्या कमी करून चंद्राइतकं, म्हणजे एक षष्ठांश वजन दिलं. पोटरीच्या स्नायूचा आकार टिकला, पण त्यातले तंतू सावकाश काम करणाऱ्या जातीकडून झटपट थकणाऱ्या जातीकडे वळले. म्हणजे एक षष्ठांश आणि एक यांच्यामध्ये कुठंतरी पायरी आहे. ती ०.३८ च्या खाली असेल तर दोन फेऱ्यांना ८५ मीटर त्रिज्या पुरेल, आणि चार फेऱ्या सोसणारे लोक निवडले तर २१ मीटरसुद्धा. ती वर असेल तर पुन्हा २२४ मीटर. माणसाच्या बाजूनं अर्धवट वजनाचा सर्वात लांब अनुभव अपोलो-१७ च्या दोघांचा आहे, डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर ७५ तास. तेवढ्या वेळात हाडांत मोजण्याइतका फरक पडत नाही.